पायाचा अंगठा मध्यरात्री टम्म सुजला: गाऊट, पू, की कूलरचा मार?

राजेंद्रनगरवाला (इंदूर), रविवार पहाटे ४:१०

झोप येत नाहीये म्हणून लिहीत बसलोय. वय ५३. रात्री अडीचच्या सुमारास उजव्या पायाच्या अंगठ्यात असा ठणका लागला की ताडकन उठून बसलो. आधी वाटलं काहीतरी चावलं. दिवा लावून बघितलं तर अंगठ्याच्या बुडाशी, जिथे बुटाचा काठ घासतो त्या सांध्यावर, लालभडक चकचकीत सूज. हात लावला तर भट्टी. पंख्याच्या वाऱ्याने चादर सरकून अंगठ्याला लागली तरी जीव जातोय. बायकोने शेवटी पायाशी पाट आडवा उभा केला आणि चादर त्याच्यावर टाकली, तेव्हा कुठे जरा बसता आलं.

मागची हकीकत अशी. शुक्रवारी रात्री कूलर गच्चीवरून खाली आणताना त्याचा स्टँड ह्याच अंगठ्यावर बसला होता. कळ आली, दहा मिनिटांनी विसरलो. काल दिवसभर उज्जैनला भाच्याच्या लग्नात उभा होतो, वरातीत नाचलोसुद्धा. उन्हात पाणी फारसं प्यायलो नाही. रात्री परत आल्यावर मेहुण्याबरोबर दोन बिअर झाल्या. डायबिटीस आहे, एचबीए१सी ७.१, मेटफॉर्मिन चालू. बीपीचीही गोळी आहे. आत्ता ताप ९९.४.

हाड मोडलंय, आत पू झालाय, की लोक म्हणतात ते गाऊट? घरात अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हची अर्धी पट्टी पडलीय. सुरू करू का?

सराफा_रात्रीचा (इंदूर), ५:०२

भिया, अंगठ्यावर कूलर पडला आणि वर विचारताय काय झालं? हाड गेलंय. गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बसा, वर हळद-तुरटीचा लेप. माझ्या आजोबांच्या पायावर पाटा पडला होता तेव्हा ह्यानेच उतरलं.

निवृत्त_एक्सरे (इंदूर), ६:२०

सरकारी दवाखान्यात ३१ वर्षं फिल्मा काढल्या, म्हणून दोन शब्द. मोडलेला अंगठा माणसाला दुसऱ्या दिवशी वरातीत नाचू देत नाही. माराचं दुखणं मार बसल्याबरोबर सुरू होतं, त्या रात्री वाढतं, निळं-काळं पडतं आणि मग हळूहळू उतरायला लागतं. तुमचं उलट झालंय. एक दिवस ठणठणीत गेला आणि मग दोन तासांत आभाळ कोसळलं.

तरी एक तपासा. अंगठ्याच्या सांध्याखाली, तळव्याच्या बाजूला, वाटाण्याएवढी दोन हाडं असतात. त्यातलं एखादं तडकलं तर वरून फार काही दिसत नाही, पण तळव्याकडून बोटाने दाबलं की नेमकी तिथेच कळ येते. तसं असेल तर फिल्म काढताना त्या हाडांसाठी वेगळी पोझिशन घ्यायला सांगा, नेहमीच्या फिल्ममध्ये ती हुकतात.

आणि सराफावाले, गरम पाणी नको. तापलेल्या सांध्यावर आणखी शेक कशाला? रुमालात बर्फ गुंडाळून धरा. पण साखर आहे म्हणता, तर पायाला गार-गरम नीट कळतंय ना ते आधी बघा.

गुळवेल (इंदूर), ७:१५

लक्षणं वाचूनच सांगते, हे युरिक ॲसिड. आमच्याकडे सासऱ्यांना होतं. आजपासून टोमॅटो, पालक, तूरडाळ, राजमा, सगळं बंद. सकाळी उपाशीपोटी रक्त द्या. युरिक ॲसिड वाढलेलं आलं तर गाऊट, नॉर्मल आलं तर गाऊट नाही. हिशोब सरळ आहे, उगाच एक्सरे वगैरेत पैसे घालू नका.

सांधेवाली_डॉक्टर (बडोदे), ७:५०

राजेंद्रनगरवाले, मी तुम्हाला बघितलेलं नाही, त्यामुळे निदान करत नाही, फक्त चार गोष्टी विचारते. मोबाईलची टॉर्च लावून घरच्या कुणाला तरी पाय नीट बघायला सांगा. नखाच्या कडेला पू, स्टँडचा बारीक ओरखडा, आणि मुख्य म्हणजे करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या मधली बेचकी. तिथे पांढरी ओली चीर असेल तर जंतू तिथून शिरतात आणि लाली भलतीकडेच दिसते. थंडी वाजून ताप आलाय का? बीपीच्या गोळीचं पूर्ण नाव काय, आणि ती कधीपासून? ह्याआधी कधी असा सांधा धरला होता का, भले चार दिवसांत आपोआप उतरला असेल?

अँटिबायोटिक अजून घेतलं नसेल तर थोडं थांबा. आजच कुणीतरी पाय बघणार असेल तर आधी सांध्यातलं पाणी तपासू द्या. दोन गोळ्या पोटात गेल्यावर कल्चरमध्ये जंतू उगवत नाहीत, आणि मग होते की नव्हते हे नक्की सांगता येत नाही.

गुळवेलताई, तुमचा अंदाज बरोबर असू शकतो, हिशोब मात्र तेवढा सरळ नाही. त्यावर संध्याकाळी लिहिते.

सकाळी_धावणारा (इंदूर), ८:३०

मलाही अंगठ्याच्या बुडाशी हाड बाहेर आलंय, चार वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले बनियन. रुंद पंजाचे बूट घेतले आणि बोटांमध्ये सिलिकॉनचा तुकडा घालतो. तुम्हीही बूट बदलून बघा, फरक पडेल.

निवृत्त_एक्सरे (इंदूर), ८:४१

धावणारे, तुमचं हाड चार वर्षांत बाहेर आलं, ह्यांचं दोन तासांत. बूट नंतर.

लष्करचा_दादा (ग्वाल्हेर), ९:३५

माझी गोष्ट उलटी आहे, म्हणून सांगतो. डायबिटीस १४ वर्षांचा. मागच्या पावसाळ्यात डावा अंगठा असाच लाल झाला, सुजला. दुखत जवळपास नव्हतं, म्हणून मी निर्धास्त. केमिस्टने पाय बघितला, म्हणाला गाऊट आहे, आणि गोळ्या दिल्या. पाच दिवस खाल्ल्या. सहाव्या दिवशी मोज्याला वास आला. नखाची कड आत रुतून पू झाला होता, मला पत्ताच नाही, कारण पायाला जाणीव उरलेली नव्हती. फिल्ममध्ये हाड पोखरलेलं दिसलं. अंगठ्याचं टोक काढावं लागलं, सव्वा महिना ड्रेसिंग.

साखर असलेल्यांनी घरबसल्या गाऊट म्हणू नये.

राजेंद्रनगरवाला (इंदूर), दुपारी १:२०

सगळ्यांचे आभार. मुलीने टॉर्च लावून बघितलं. नख साफ, बेचकीत चीर नाही, ओरखडा नाही. तळव्याकडून दाबलं तर विशेष काही नाही, वरून सांध्याला बोट लावलं तर मी ओरडलो. पायाला जाणीव पूर्ण आहे, जरा जास्तच आहे. दादा, तुमचं वाचून बायकोचा चेहरा उतरला.

बीपीची गोळी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली आहे. आधी नुसतं टेल्मिसार्टन होतं, फेब्रुवारीत बदलली. आणि हो, दोन वर्षांपूर्वी रंगपंचमीच्या गेरमधून आल्यावर डावा अंगठा तीन-चार दिवस धरला होता. गर्दीत कुणाचा पाय पडला असेल म्हणून सोडून दिलं.

डॉक्टर, तुमचा मेसेज यायच्या आधीच त्या पट्टीतली एक गोळी घेतली होती. रविवार म्हणून आमचे डॉक्टर नाहीत, पण लॅब उघडी होती, तिथे रक्त दिलं. युरिक ॲसिड ५.९, म्हणजे नॉर्मल. पांढऱ्या पेशी १२,४००, सीआरपी ४८. लॅबवाला म्हणाला इन्फेक्शनचे आकडे आहेत. मग गाऊट बाद ना?

गुळवेल (इंदूर), १:३२

५.९ म्हणजे गाऊट नाहीच. मी चुकले, मोकळ्या मनाने सांगते. अँटिबायोटिक सुरू ठेवा.

सांधेवाली_डॉक्टर (बडोदे), ५:४५

गुळवेलताई, तुम्ही सकाळी चुकला नव्हता, आत्ता चुकताय!

गाऊटचा झटका जोरात असताना रक्तातलं युरिक ॲसिड खाली येऊ शकतं. सूज भडकली की किडनी ते जास्त बाहेर टाकते. त्यामुळे झटक्याच्या दिवशी ५.९ आलं त्यावरून काहीच ठरत नाही. झटका उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी परत तपासायचं, तो आकडा खरा धरायचा. उलटही सांगते. ज्यांचं युरिक ॲसिड ८ आहे आणि आयुष्यात सांधा कधी दुखला नाही अशी माणसं ढिगाने आहेत. त्यांचा अंगठा उद्या सुजला तर तो गाऊटच असेल असंही नाही.

पांढऱ्या पेशी आणि सीआरपीचं तेच. गाऊटमध्येही हे दोन्ही चढतात, बारीक तापही येतो. आग लागलीय एवढंच हे आकडे सांगतात, कशाने लागली ते सांगत नाहीत.

मग मी कशाकडे बघते? वेगाकडे. अडीच वाजता जाग आणि पहाटेपर्यंत चादर सोसेना, हा वेग गाऊटचा असतो. साधारण १२ ते २४ तासांत तो शिगेला जातो. जंतूंचं दुखणं सहसा दिवसागणिक चढतं. त्यात तुमची गोळी. क्लोरथॅलिडोन लघवीवाटे पाणी काढतं आणि युरिक ॲसिड मात्र आत अडवून ठेवतं. त्यावर उन्हातला दिवस, तहान आणि बिअर. युरिक ॲसिड रक्तात साधारण ६.८ पर्यंत विरघळलेलं राहतं, त्यापुढे त्याचे खडे सांध्यात बसायला लागतात. जिलबीचा पाक जास्त दाट झाला आणि गार पडला की कढईच्या कडेला साखर धरते ना, तसंच. पायाचा अंगठा शरीरातल्या गार जागांपैकी एक. खडे महिनोन्महिने गप्प बसलेले असतात, आणि एखाद्या हिसक्याने सुटले की शरीर त्यांच्यावर तुटून पडतं.

म्हणून कूलरलाही मी निर्दोष सोडत नाही. मार बसलेल्या सांध्यात एक-दोन दिवसांनी गाऊट उठणं नवीन नाही. मार की गाऊट, असा प्रश्न प्रत्येक वेळी नसतो.

पण हे सगळं झालं अनुमान. पक्कं कळतं सांध्यातल्या पाण्याच्या थेंबातून. उद्या सकाळी अशा हाडांच्या किंवा सांध्यांच्या डॉक्टरांकडे जा जे सुईने पाणी काढतात. आज रात्रीसाठी एक करा. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढा आणि शेजारी वेळ लिहा. लाली रेघ ओलांडून पावलावर भराभर चढायला लागली, हुडहुडी भरली किंवा ताप १०१ च्या वर गेला, तर सकाळची वाट न बघता मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं. जंतूंनी भरलेला सांधा रात्रभर थांबवायचा नसतो.

सराफा_रात्रीचा (इंदूर), ६:१०

जिलबीचं उदाहरण देऊन आता उद्या पोहे-जिलबी कशी खाऊ सांगा.

राजेंद्रनगरवाला (इंदूर), सोमवार रात्री ९:४०

रेघ रात्री नऊला ओढली, सकाळी सहाला बघितली. लाली रेघेच्या आतच. ताप ९९.

साडेअकराला हाडांच्या डॉक्टरांचा नंबर लागला. आधी फिल्म काढली, हाड शाबूत. एक्सरेवाले, तुमचं सांगून ती दोन वाटाण्याची हाडंही बघायला लावली, ती ठीक आहेत. मी म्हटलं, मग गाऊटही दिसत नाही ना? ते म्हणाले, पहिल्या काही वर्षांत गाऊट फिल्मवर दिसतच नाही, हाड कुरतडायला त्याला वेळ लागतो.

मग सुई. खोटं बोलत नाही, आधी घाम फुटला. त्यांनी अंगठा हलकेच ओढून धरला, गार फवारा मारला आणि वरच्या बाजूने बारीक सुई घातली. मला वाटलं होतं वाटीभर निघेल. निघालं किती, तर सुईच्या गळ्याशी एक थेंब, गढूळ, पातळ ताकासारखा. तो अर्धा काचेवर, अर्धा कल्चरच्या बाटलीत. त्यांच्या ओळखीच्या पॅथॉलॉजिस्टकडे ध्रुवित प्रकाशाचा मायक्रोस्कोप आहे, चार वाजता फोन आला. सुयांसारखे खडे, काही तर पांढऱ्या पेशींच्या पोटात अडकलेले. काचेवर जंतू दिसले नाहीत. कल्चरला दोन-तीन दिवस.

औषध कोल्चिसिन ०.५ दिवसातून दोनदा. म्हणाले दुखणं सुरू होऊन दीड दिवसच झाल्यामुळे लवकर लागू पडेल. पेनकिलरची मोठी गोळी मुद्दाम दिली नाही, कारण किडनीचं क्रिएटिनिन १.३ आहे आणि वर बीपीची ही गोळी. स्टिरॉइड दिलं नाही, कारण साखर चढते आणि कल्चर अजून हातात नाही. अँटिबायोटिक कल्चर येईपर्यंत चालू ठेवायला सांगितलं.

सांधेवाली_डॉक्टर (बडोदे), १०:१५

छान काम केलं त्यांनी. अँटिबायोटिक तेच जुनं ना? क्लॅरिथ्रोमायसिन दिलेलं नाही हे पट्टीवर वाचून सांगा. कोल्चिसिनबरोबर ते विषासारखं ठरू शकतं. आणि जुलाब लागले तर गोळी थांबवून डॉक्टरांना फोन करा. दुखतंय म्हणून मनाने तिसरी-चौथी गोळी घ्यायची नाही, ह्या औषधात जास्तीची गोळी फार महागात पडते.

राजेंद्रनगरवाला (इंदूर), १०:२२

तेच जुनं आहे. मुलीनेही वाचलं.

लष्करचा_दादा (ग्वाल्हेर), १०:५०

खडे दिसले म्हणजे जंतू नाहीत, असं धरायचं का?

सांधेवाली_डॉक्टर (बडोदे), ११:०५

नाही दादा, आणि तुमच्यासारख्याने हे विचारावं ते योग्यच. दोन्ही एकाच सांध्यात सापडतात, क्वचित, पण सापडतात. त्यात ह्यांनी एक गोळी आधीच घेतलेली, म्हणजे कल्चर कोरं आलं तरी मी पूर्ण विश्वास ठेवणार नाही. पुढचे दोन दिवस सांधा कसा वागतो ते बघायचं. कोल्चिसिनवर ४८ तासांत उतार पडला तर सुटलो. तसाच राहिला किंवा वाढला तर परत सुई.

राजेंद्रनगरवाला (इंदूर), गुरुवार सकाळी ८:००

मंगळवारी संध्याकाळी चादर सोसायला लागली. बुधवारी दोनदा पोट बिघडलं, डॉक्टरांनी गोळी दिवसाला एकच केली. कल्चर कोरं, अँटिबायोटिक बंद. आज चप्पल घालून गेटपर्यंत गेलो. सूज उतरलेल्या जागी कातडी सोलून निघतेय, लहानपणी उन्हाने पाठ सोलायची तशी.

गुळवेल (इंदूर), ८:२५

छान झालं. आता तूरडाळ तरी बंद ठेवा.

सांधेवाली_डॉक्टर (बडोदे), दुपारी २:१०

वरणभात खाऊ द्या त्यांना. २००४ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला होता, ४७ हजार पुरुष, १२ वर्षं. मटण आणि मासे जास्त खाणाऱ्यांत गाऊट जास्त निघालं, पण डाळी आणि पालकासारख्या भाज्यांचा संबंध दिसला नाही. दूध-दही खाणाऱ्यांत तर कमी. बिअर मात्र नको, आणि गोड शीतपेयंही. टोमॅटोने मला होतंच असं शपथेवर सांगणारे पेशंट माझ्याकडे आहेत. मी वाद घालत नाही, त्यांना टोमॅटो सोडू देते.

राजेंद्रनगरवाला (इंदूर), तीन आठवड्यांनी

वचन दिलं होतं म्हणून परत आलो. काल युरिक ॲसिड केलं, ८.६. त्या रविवारी ५.९ होतं, तीच लॅब. गुळवेलताईंसाठी खास लिहितोय.

आता नवा घोळ. हाडांचे डॉक्टर म्हणतात युरिक ॲसिड उतरवायला आयुष्यभर ॲलोप्युरिनॉल. आमचे फिजिशियन म्हणतात आधी क्लोरथॅलिडोन बदलू, लोसार्टन देऊ, आणि वाट बघू.

सांधेवाली_डॉक्टर (बडोदे), त्याच दिवशी

इथे दोघांनाही चूक म्हणता येत नाही. पहिल्याच झटक्यानंतर बहुतेकांना रोजची गोळी लगेच लागत नाही. आकडा ९ च्या वर असेल, मुतखडा असेल किंवा किडनी कमजोर असेल तर विचार बदलतो. लोसार्टन युरिक ॲसिड थोडं उतरवतं, ते चांगलंच. पण तुमची रंगपंचमीची गोष्ट मी विसरलेले नाही. तो झटका असेल तर हा दुसरा. क्रिएटिनिन १.३ वरून किडनीचा नीट हिशोबही फिजिशियनकडून मांडून घ्या. ॲलोप्युरिनॉल ठरलंच तर १०० पासून हळूहळू वर, ६ च्या खाली येईपर्यंत. सोबत काही महिने कोल्चिसिनची छोटी मात्रा, कारण आकडा उतरतानाही झटके येतात. अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी बंद.

निवृत्त_एक्सरे (इंदूर), त्याच दिवशी

बीपीच्या गोळीचं मला पटत नाही. माझी बायको नऊ वर्षं तीच घेते, बीपी त्याआधी कशानेच हललं नव्हतं. एका अंगठ्यासाठी लागू पडलेली गोळी काढायची?

सांधेवाली_डॉक्टर (बडोदे), त्याच दिवशी

वहिनींची मुळीच काढू नका. ह्यांचं बीपी दुसऱ्या गोळीवर राहतं का ते बघावं लागेल. नाही राहिलं तर क्लोरथॅलिडोन परत आणि सोबत ॲलोप्युरिनॉल, असंही करतात.

राजेंद्रनगरवाला (इंदूर), दुसऱ्या दिवशी

फिजिशियनना रंगपंचमीचं सांगितलंच नव्हतं, माझ्याच लक्षात नव्हतं. ते सोमवारी बाहेरगावाहून येतायत. तोवर रोज सकाळी बीपी वहीत लिहितोय, आज १४६/९२. सोमवारनंतर कळवतो.